इंटर्नशिपच्या कामावरून प्रोजेक्ट अहवाल: कारखान्याचे आकडे न फोडता काम कसे मांडावे

शेवटच्या वर्षाचे बरेच विद्यार्थी इंटर्नशिपमध्ये केलेले कामच प्रोजेक्ट म्हणून सादर करतात. आमच्या रायपूरला हे फार सोयीचे आहे, कारण सिलतरा आणि उरला या औद्योगिक वसाहती शहराला लागूनच आहेत आणि भिलाईही जवळ आहे. काम खरे असते, आकडे खरे असतात, परीक्षकही खूश होतात. अडचण एकच. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी तुम्ही एका कागदावर सही केलेली असते, आणि त्यात काय लिहिले होते ते सहसा कोणी वाचलेले नसते.

तो कागद आधी काढून वाचा. त्यात तीन गोष्टी शोधा. 'गोपनीय माहिती' म्हणजे काय, त्याची व्याख्या. ती कोणाला दाखवता येत नाही, त्याची कक्षा. आणि ही अट किती काळ लागू राहते. बहुतेक करारांत 'कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीला' असे शब्द असतात, आणि इथेच पहिली चूक होते. विद्यार्थ्याला वाटते, कॉलेजचे सर म्हणजे घरचेच. पण कराराच्या भाषेत तुमचे मार्गदर्शक त्रयस्थ आहेत, विभागप्रमुख त्रयस्थ आहेत आणि बाहेरून येणारे परीक्षक तर आहेतच. हे परीक्षक कधी कधी त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कारखान्याचे सल्लागारही असतात. म्हणून कच्च्या आकड्यांची एक्सेल फाइल मार्गदर्शकांना मेल करणे हाच करारभंग ठरू शकतो. अहवाल छापण्याची वेळ त्यानंतर येते.

भारतात व्यापारी गुपितांसाठी आजवर वेगळा कायदा नव्हता. तसा कायदा करावा अशी शिफारस विधी आयोगाने मार्च २०२४ मधल्या २८९ व्या अहवालात केली. कायदा वेगळा नाही म्हणजे बंधन नाही, असे मात्र नाही. तुमची सही असलेला करार भारतीय करार अधिनियम, १८७२ खाली येतो, आणि कराराबाहेरही विश्वासाने दिलेली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून न्यायालये मनाई हुकूम देत आली आहेत.

अहवाल म्हणजे प्रकाशन का?

'आमचा अहवाल वाचतो कोण?' असे विद्यार्थी म्हणतात. या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतल्या दोन पेटंट खटल्यांत फार छान मिळते. १९८६ च्या 'इन रे हॉल' खटल्यात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवलेला एक प्रबंध पुढे आला. प्रबंधाची प्रत तिथे होती आणि सूचीत त्याची नोंद होती. तेवढ्यावरून न्यायालयाने तो प्रकाशित झाल्याचे धरले आणि पेटंट मागणाऱ्याचा दावा टिकला नाही. १९८९ च्या 'इन रे क्रोनिन' खटल्यात रीड कॉलेजच्या पदवी विद्यार्थ्यांचे तीन प्रबंध होते, म्हणजे अगदी तुमच्यासारख्यांचेच. त्यांची नोंद छोट्या कार्डांवर होती, कार्डे लेखकाच्या नावाने लावलेली होती, आणि रसायन विभागात ती चक्क बुटांच्या खोक्यात ठेवलेली होती. विषयावरून ते शोधता येणारच नव्हते, म्हणून न्यायालयाने त्यांना प्रकाशन मानले नाही.

दोन्ही प्रबंध किती जणांनी वाचले, हा मुद्दाच नव्हता. शोधणाऱ्याला सापडू शकतात का, एवढाच प्रश्न होता. आता आपल्या कॉलेजांचा विचार करा. अहवालाची पीडीएफ संस्थेच्या संग्रहात जाते, शीर्षक आणि सारांशासह शोधता येते. बुटांचे खोके आता उरलेले नाही. भारतीय पेटंट अधिनियम, १९७० खालीही अर्जाआधी प्रसिद्ध झालेली गोष्ट नवी मानली जात नाही, आणि त्याला अपवाद फार थोडे आहेत. तुम्ही कारखान्यात एखादे उपकरण नव्याने बसवले असेल आणि कंपनी त्यावर अर्ज करण्याच्या बेतात असेल, तर तुमचा अहवालच त्या अर्जाच्या आड येऊ शकतो. कंपनीच्या कायदा विभागाला याची भीती आकड्यांपेक्षाही जास्त असते.

नाव सांगायचे की आकडे?

मी विद्यार्थ्यांना सगळ्यात आधी एकच निर्णय घ्यायला सांगतो. अहवालात कंपनीचे नाव असेल, तर आत कंपनीचा एकही कच्चा आकडा नसेल. आकडे थोडे मोकळे हवे असतील, तर नाव नसेल. दोन्ही एकत्र चालत नाही.

नाव न सांगणे वाटते तितके सोपे नाही. मजकुरात 'मध्य भारतातील एक स्पंज आयर्न कारखाना' असे लिहायचे आणि तिसऱ्या पानावर लोगोसकट इंटर्नशिपचे प्रमाणपत्र लावायचे, असे अहवाल मी कितीतरी पाहिले आहेत. ऋणनिर्देशात प्लँटच्या अभियंत्याचे नाव आणि पद लिहिले, तरी तेच होते. प्रमाणपत्र विभागाच्या फाइलमध्ये वेगळे ठेवता येते. बांधलेल्या प्रतीत ते असायलाच हवे असा आग्रह असेल, तर विभागप्रमुखांशी आधी बोलून घ्या. वर्णनही असे ठेवा की ते निदान पाच-सहा कारखान्यांना लागू पडेल. 'सिलतऱ्यातील ३५० टन रोजच्या क्षमतेच्या दोन भट्ट्या आणि इतक्या मेगावॉटचे वीजघर' एवढे लिहिलेत, तर इथल्या धंद्यातला कोणीही माणूस नाव सांगेल.

एक उदाहरण तपशिलात

समजा तुमचे काम असे आहे. स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीतून निघणारा वायू ओढून घेणारा मोठा पंखा असतो. त्याला सगळे आयडी फॅन म्हणतात. वायूचा प्रवाह कमी करायचा झाला की डँपर थोडा बंद करत. आता मोटरला व्हीएफडी लावून पंख्याचा वेग कमी केला आणि वीज वाचली. प्रवाह पूर्ण प्रवाहाच्या ८५ टक्के असताना पंख्याची वीज २४ टक्क्यांनी घटली, असे तुमच्या मोजमापातून निघाले. (खालचे सगळे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेले आहेत.)

पहिल्या मसुद्यात विद्यार्थी तीन वाक्ये लिहितो. पंख्याच्या विजेत २४ टक्के बचत झाली. वर्षाला ३०.२४ लाख रुपये वाचतील. भट्टी विभागाच्या एकूण विजेपैकी सुमारे २० टक्के वीज हा पंखा घेतो. त्याला वाटते, यात गोपनीय काहीच नाही, मी ना उत्पादन लिहिले ना किलोवॉट.

आता हा अहवाल शेजारच्या कारखान्यातल्या माणसाच्या हाती पडला असे धरा. विजेचा दर त्याला ठाऊक आहे, कारण राज्य विद्युत नियामक आयोगाचे दरपत्रक सर्वांसाठी खुले असते. हिशेबाला दर सात रुपये धरू. ३०.२४ लाख भागिले ७, म्हणजे वर्षाला ४.३२ लाख युनिट वाचले. ही बचत २४ टक्के असेल, तर पंख्याचा आधीचा वापर १८ लाख युनिट. तो एकूण विजेच्या २० टक्के, म्हणजे भट्टी विभागाची एकूण वीज ९० लाख युनिट. एक टन स्पंज आयर्नला किती युनिट लागतात, याचा अंदाज धंद्यातल्या प्रत्येकाला असतो. समजा ९० युनिट. म्हणजे वर्षाचे उत्पादन एक लाख टन. वर्षात भट्टी ७,५०० तास चालली असेल, तर रोजचे ३२० टन. भट्टीची मंजूर क्षमता ३५० टन असल्याचे पर्यावरण मंजुरीच्या पत्रातून त्याला आधीच माहीत आहे. तुमच्या तीन निरुपद्रवी वाक्यांतून त्याला कळले की हा कारखाना क्षमतेच्या ९१ टक्क्यांवर चालतो. कोळसा किंवा लोहखनिज खरेदीच्या वाटाघाटीत या आकड्याला किंमत असते.

कारखान्यात स्वतःचे वीजघर असेल तर दराचा हिशेब इतका सरळ नसतो, हे खरे. पण अंदाज बांधणाऱ्याला दहा टक्के इकडेतिकडे चालतात.

यातली एकेक ओळ वेगवेगळी तपासली तर निर्दोष वाटते. तिन्ही एकत्र आल्या की गळती होते. म्हणून मसुदा तपासताना 'हा आकडा गोपनीय आहे का' एवढाच प्रश्न पुरत नाही. हा आकडा, बाकीच्या पानांवरचे आकडे आणि बाहेर खुली असलेली माहिती एकत्र केली तर काय निघते, हे वही-पेन घेऊन करून बघा. अर्धा तास लागतो.

आधाराने भागणे

उपाय तुम्ही दुसऱ्या वर्षातच शिकलेला आहे. सगळ्या मोजमापांना एका ठरावीक आधाराने भागायचे. डँपर पूर्ण उघडा आणि प्रवाह पूर्ण असताना जी वीज लागते तिला P₀ म्हणू. प्रत्येक वाचन P/P₀ असे लिहायचे, आणि प्रवाह Q/Q₀ असा. P₀ आणि Q₀ किती, हे अहवालात कुठेच द्यायचे नाही.

यात अभियांत्रिकीचे काही हरवत नाही, उलट आलेख जास्त स्वच्छ दिसतो. पंख्याच्या नियमाप्रमाणे प्रवाह वेगाच्या प्रमाणात आणि शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते:

```
P/P0 = (Q/Q0)^3
0.85^3 = 0.614
```

डँपरने प्रवाह ८५ टक्के केला तेव्हा मोजलेले P/P₀ समजा ०.९१ होते. व्हीएफडी लावल्यावर ते ०.६९ आले. ०.६९ भागिले ०.९१ म्हणजे ०.७६, म्हणून बचत २४ टक्के. नियमाने ०.६१४ यायला हवे होते, आले ०.६९. हा फरक का पडला? मोटर आणि व्हीएफडी दोन्हींत काही वीज वाया जाते. शिवाय भट्टीत ठरावीक दाब टिकवावा लागतो, त्यामुळे घनाचा नियम तंतोतंत लागू पडत नाही. तुमच्या अहवालातले खरे विश्लेषण हेच आहे. त्याला किलोवॉटची गरज कुठेच पडली नाही.

परतफेडीचा काळ मात्र जपून द्या. 'गुंतवणूक चौदा महिन्यांत वसूल' असे लिहिले आणि त्या आकाराच्या व्हीएफडीची किंमत बाजारात विचारली, की वार्षिक बचत निघते आणि मग वरचाच हिशेब पुन्हा चालू होतो. इथे मी प्रतिनिधिक पंखा वापरायला सांगतो. P₀ = १०० किलोवॉट असलेला एक काल्पनिक पंखा घ्या. तो ०.९१ वरून ०.६९ वर आला, म्हणजे २२ किलोवॉट वाचले. ७,५०० तासांचे १,६५,००० युनिट, सात रुपये दराने ११.५५ लाख रुपये. वाचकाला प्रमाण कळते आणि कारखाना कळत नाही. फक्त त्या पानावर स्पष्ट लिहा, की १०० किलोवॉट हा उदाहरणासाठी घेतलेला आकडा आहे, कारखान्याचा नाही.

हे स्पष्ट लिहिणे मला फार महत्त्वाचे वाटते. काही विद्यार्थी गोपनीयतेच्या नावाखाली आकडे गुपचूप बदलतात, सगळ्यांना १.३ ने गुणतात किंवा थोडे इकडेतिकडे करतात, आणि मोजलेले म्हणून छापतात. याला बनावट आकडे म्हणतात, आणि त्याचा गोपनीयतेशी काही संबंध नाही. पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद लिहा: सर्व शक्तिमापने एका स्थिर आधाराने भागलेली आहेत, कंपनीच्या विनंतीवरून आधाराचे मूल्य दिलेले नाही, मोजमापाची साधने आणि त्यांची अचूकता अमुक आहे. एवढे सांगितले की काहीच लपवलेले राहत नाही.

भागाकार कारखान्याच्या संगणकावरच करा आणि परवानगीने फक्त भागलेली फाइल बाहेर आणा. तारखाही काढून टाका, कारण भट्टी कोणत्या आठवड्यात बंद होती हे तारखांवरून कळते. पायथनमध्ये तीन ओळींचे काम आहे:

```python
df["p_rel"] = df["kw"] / base_kw
df["day"] = (df["time"] - df["time"].min()).dt.days
df[["day", "p_rel"]].to_csv("report_data.csv", index=False)
```

हा कोड गिटहबवर टाकणार असाल तर `base_kw` चे मूल्य आणि मूळ फाइल कधीच कमिट करू नका. नंतर फाइल काढून टाकली तरी ती गिटच्या इतिहासात राहते, आणि जुने कमिट उघडणाऱ्याला दिसते.

फाइलच्या पोटात राहिलेले

मजकूर नीट तपासलेला असतो, आणि गळती चित्रांतून होते. कंट्रोल रूमच्या पडद्याचा स्क्रीनशॉट हा सगळ्यात वाईट प्रकार. तुम्हाला पंख्याचा वेग दाखवायचा असतो, पण त्याच पडद्यावर भट्टीच्या लांबीवरची तापमाने आणि कोळशाचा दरही असतो. तो कापून वर्डमध्ये लावला, तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक असतो, आणि क्रॉप पुन्हा उघडले की सगळे चित्र परत दिसते. चित्र दाबताना `Delete cropped areas of pictures` निवडल्याशिवाय ते जात नाही. माझे मत विचाराल तर स्क्रीनशॉट लावूच नका, रेखाकृती स्वतः काढा. ती वाचायलाही सोपी असते.

एक्सेलचा आलेख वर्डमध्ये चिकटवताना `Embed Workbook` असलेला पर्याय निवडला गेला, तर आलेखाबरोबर अख्खी वर्कबुक, तिच्या सगळ्या शीटसकट, अहवालात येऊन बसते. माझ्याच एका विद्यार्थ्याच्या मसुद्यात आलेखाच्या डेटावर क्लिक केले आणि वेगळ्या शीटवरचे खरेदीचे दर समोर आले. त्याला याची कल्पनाही नव्हती. आलेख चित्र म्हणून चिकटवा.

तिसरी जागा म्हणजे साहित्यचौर्य तपासणी. अहवाल टर्निटिनसारख्या प्रणालीत घातला, की असाइनमेंटच्या सेटिंगप्रमाणे त्याची प्रत तिथल्या संग्रहात जमा होऊ शकते. विभागाच्या समन्वयकांना `No repository` ठेवायला सांगा, आणि कंपनीने मान्य केलेला मसुदा हातात आल्यावरच तपासणीला द्या, आधी नाही.

परवानगी कशी मागावी

'मी अहवाल लिहू का?' असे विचारले तर 'लिही' किंवा 'नको' एवढेच उत्तर मिळते, आणि दोन्हींचा उपयोग नसतो. सहाव्या-सातव्या आठवड्यात, म्हणजे तुम्ही अजून कारखान्यात असतानाच, प्रकरणांची यादी, तीन-चार आलेख आणि वरचा पद्धतीचा परिच्छेद पाठवा. बरोबर लिहा, की हे कोण पाहणार आहे: मार्गदर्शक, अंतर्गत परीक्षक, बाह्य परीक्षक. प्रत ग्रंथालयात जाणार की नाही आणि गेली तर ऑनलाइन दिसणार का, हेही लिहा. तुमच्या पाळीच्या अभियंत्याने चहा पिताना 'काही हरकत नाही' म्हटले, ती परवानगी नव्हे. करारावर ज्या विभागाने सही केली, त्याच्याकडूनच लेखी उत्तर हवे. उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ होकार होत नाही. तीन आठवडे हातात ठेवा, आणि उत्तराची प्रत मार्गदर्शकांकडे द्या.

कंपनीने आलेखालाही नकार दिला तर? तेव्हा खुल्या कागदांकडे वळा. पर्यावरण मंजुरीसाठी दिलेले पर्यावरण परिणाम अहवाल केंद्राच्या परिवेश पोर्टलवर मिळतात, आणि त्यांत प्रक्रियेची आकृती, कच्च्या मालाचा ताळेबंद, विजेची गरज असे बरेच काही असते. त्यावरून प्रतिनिधिक कारखाना उभा करून तुमची पद्धत त्याला लावता येते. फक्त तुमच्या स्वतःच्या कंपनीचा परिणाम अहवाल संदर्भ म्हणून देऊ नका, नाहीतर झाकलेले नाव संदर्भसूचीत उघडे पडेल. दुसऱ्या दोन-तीन कारखान्यांचे घ्या.

हे सगळे करूनही तोंडी परीक्षेत प्रश्न येतोच. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे बाह्य परीक्षकांनी एका मुलीला सरळ विचारले, "बाकी ठीक आहे, पण पंखा किती किलोवॉटचा होता?" ती म्हणाली, "सर, तो आकडा कंपनीने देऊ दिलेला नाही. पत्राची प्रत विभागाच्या फाइलमध्ये आहे. पण ०.६१४ च्या जागी ०.६९ का आले, ते मी फळ्यावर दाखवू शकते." पुढची वीस मिनिटे परीक्षक फळ्याजवळ उभे राहून तिच्याशी दाबाच्या वक्रावर वाद घालत होते, आणि किलोवॉटचा प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.